सोसायटीतलं भांडण मिटलं, पण केस मिटली का? तडजोड आणि प्ली बार्गेनिंग, पहिल्यांदाच कोर्टाची पायरी चढणाऱ्यांसाठी

शिवाजीनगर कोर्टात मी फौजदारी केसेस बघते. आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर नोटरी केलेला समझोता घेऊन येतो आणि म्हणतो, मॅडम आमचं आपापसात मिटलंय, हे बघा दोघांच्या सह्या आहेत, तरी मला समन्स का आलं? प्रत्येक वेळी मला हेच सांगावं लागतं की तुमच्या दोघांत मिटलं ते चांगलंच झालं, पण एफआयआर झाली की केस तुमच्या दोघांतली राहत नाही, ती राज्य सरकार विरुद्ध तुम्ही अशी होते. तो कागद कोर्टात योग्य पद्धतीने दाखल होऊन न्यायाधीशांनी त्यावर आदेश केल्याशिवाय फाइल बंद होत नाही. पोलीस स्टेशनला साहेबांसमोर हस्तांदोलन झालं असेल तरी नाही, कारण गुन्ह्यात तडजोड मान्य करायचा अधिकार पोलिसांना नाहीच.

सगळे प्रकार एकदम सांगत बसले तर डोक्यावरून जाईल, म्हणून पुण्यात सगळ्यात जास्त दिसणारी एकच भानगड घेऊन शेवटपर्यंत जाऊया. पार्किंगचं भांडण.

समजा सिंहगड रोडवरची एक सोसायटी आहे. वरच्या मजल्यावरचा चोवीस वर्षांचा मुलगा, हिंजवडीत नोकरीला, आणि खालच्या मजल्यावरचे पन्नाशीचे काका. गाडी लावण्यावरून रविवारी सकाळी वाजलं, शिवीगाळ झाली, ढकलाढकली झाली, आणि मुलाने डिकीतला चाकाचा पाना काढून मारला, काकांच्या कपाळाला तीन टाके पडले. काकांनी एफआयआर दिली. त्यात भारतीय न्याय संहितेची चार कलमं लागली: ११८(१) म्हणजे घातक हत्याराने दुखापत, ११५(२) म्हणजे साधी दुखापत, ३५२ म्हणजे शांतताभंग होईल असा मुद्दाम केलेला अपमान, आणि ३५१(२) म्हणजे धमकी. दोन महिन्यांनी गणपतीत सोसायटीतल्या लोकांनी दोघांना एकत्र बसवलं, मुलाने पाया पडून माफी मागितली, काकांनीही मोठं मन दाखवलं. आता केस संपवायची कशी?

आधी कलमं बघा, मग बाकीचं

पहिलं काम म्हणजे एफआयआर आणि नंतर आलेल्या चार्जशीटवरची कलमं कागदावर लिहून काढायची. चार्जशीटचीच घ्या, कारण तपासात कलमं वाढतात किंवा कमीही होतात. मग ती भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, म्हणजे फौजदारी केस कशी चालवायची ते सांगणारा कायदा, त्याच्या कलम ३५९ मधल्या तक्त्यांशी ताडून बघायची. (१ जुलै २०२४ च्या आधीची घटना असेल तर गुन्हा जुन्या भारतीय दंड संहितेप्रमाणे, म्हणजे ११८(१) च्या जागी ३२४ आणि ११५(२) च्या जागी ३२३ असे नंबर दिसतील, गोंधळून जाऊ नका.)

३५९ मध्ये दोन तक्ते आहेत. पहिल्या तक्त्यातले गुन्हे संबंधित माणूस कोर्टाच्या परवानगीशिवायही मिटवू शकतो, फक्त ते कोर्टासमोर येऊन सांगावं लागतं आणि कोर्ट ते नोंदवतं. दुसऱ्या तक्त्यातल्या गुन्ह्यांना कोर्टाची परवानगी लागते, म्हणजे न्यायाधीश नाही म्हणू शकतात. उदाहरणार्थ ३१८(४) ची फसवणूक किंवा ११७(२) ची गंभीर दुखापत. आणि जे गुन्हे या दोन्ही तक्त्यांत नाहीत ते आपसात मिटवता येत नाहीत, मग दोन्ही बाजू कितीही राजी असोत. कायद्यात तसं स्पष्ट लिहिलंय.

आता आपली चार कलमं लावून बघा. ११५(२), ३५२, ३५१(२) ही तिन्ही पहिल्या तक्त्यात आहेत. ११८(१) कुठल्याच तक्त्यात नाही. गंमत बघा, हात मोडला असता आणि हत्यार नसतं तर ११७(२) लागून परवानगीने मिटलं असतं, पण तीन टाके आणि पाना असल्यामुळे अडलं. लोकांना हे पटत नाही, मलाही सुरुवातीला पटायचं नाही, पण कायदा जखमेइतकाच हत्याराकडे बघतो.

म्हणजे चारपैकी तीन कलमांत तडजोड होईल आणि चौथं तसंच चालू राहील. बऱ्याच जणांची केस इथेच अडकते, आणि कोणीतरी सल्ला देतो की काकांना साक्षीत 'मला काही आठवत नाही' म्हणायला सांगा. असं होतं हे मला माहितीये, पण मी कोणाला हे करायला सांगत नाही. शपथेवर खोटं बोलायची जोखीम ज्यांना मार लागला त्या काकांनीच का घ्यायची, आणि कोर्टाच्या लक्षात आलं तर खोट्या साक्षीबद्दल त्यांच्यावरच कारवाई होऊ शकते. सरळ रस्ते आहेत की, ते बघूया.

पहिला रस्ता: ११८(१) मुळात टिकतंय का

चार्जशीटसोबत मिळालेल्या कागदांमध्ये दोन कागद नीट वाचा. एक म्हणजे डॉक्टरांचं जखमेचं सर्टिफिकेट, त्यात जखम साधी की गंभीर आणि कशाने झाली असावी ते लिहिलेलं असतं. दुसरा जप्ती पंचनामा, पाना खरंच जप्त झालाय का, किती लांबीचा, कुठून मिळाला. कधीकधी एफआयआरमध्ये 'लोखंडी हत्याराने' असं लिहिलेलं असतं आणि प्रत्यक्षात जप्त काहीच नसतं, किंवा सर्टिफिकेटमध्ये खाली पडल्याने जखम झाली असावी असं असतं. ११८(१) साठी वस्तू कापायची, भोसकायची, गोळी झाडायची किंवा हत्यार म्हणून वापरली तर जीव जाऊ शकेल अशी असावी लागते, शिवाय आग, ॲसिड वगैरे. चप्पल किंवा पाण्याची बाटली यात बसवणं कठीण. चाकाचा पाना मात्र सहज बसतो.

कागद कच्चे असतील तर वकील दोषमुक्तीचा अर्ज करून म्हणू शकतात की ११८(१) बनतच नाही. हा अर्ज कागदपत्रांच्या प्रती मिळाल्यापासून ६० दिवसांत करायचा असतो. कोर्टाला पटलं आणि फक्त ११५(२), ३५२, ३५१(२) वर केस उरली तर सगळंच तडजोडीत जातं. माझ्या मते कुठलाही करार करायच्या आधी हे तपासायलाच हवं, कारण इथे जमलं तर पुढचं सगळं एका तारखेचं काम आहे. आपल्या उदाहरणात मात्र पाना जप्त आहे आणि सर्टिफिकेटही जुळतंय असं धरू, म्हणजे हा रस्ता बंद.

तडजोडीचा दिवस कसा असतो

जी कलमं तडजोडीची आहेत त्यांचं बघू, कारण फक्त तेवढीच कलमं असलेल्या केसेस भरपूर असतात.

आधी ठरवा सही कोणाची लागणार. इथे बहुतेक जण चुकतात. तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात लिहिलेलं असतं की गुन्हा कोण मिटवू शकतो, आणि तो माणूस एफआयआर देणारा असेलच असं नाही. दुखापतीत ज्याला लागलं तो, अपमानात ज्याचा अपमान झाला तो, धमकीत ज्याला धमकी दिली तो. एफआयआर काकांच्या मेव्हण्याने दिली असेल तर मेव्हण्याची सही काही कामाची नाही, काकाच यायला हवेत. दोघांना लागलं असेल तर दोघंही. जखमी माणूस अठराच्या आतला असेल तर त्याच्या वतीने पालक, पण मग कोर्टाच्या परवानगीने.

मग एक अर्ज तयार होतो, आपल्याकडे सगळे त्याला तडजोड पुरसिस म्हणतात. एकदीड पानाचाच असतो: केस नंबर, कलमं, आमच्यात आपसात मिटलेलं आहे, माझ्यावर कुठलाही दबाव किंवा आमिष नाही, आरोपीविरुद्ध केस पुढे चालवायची नाही. खाली ज्याला गुन्हा मिटवायचा अधिकार आहे तो माणूस, आरोपी आणि दोघांच्या वकिलांच्या सह्या. सोबत ओळखपत्राची झेरॉक्स, आणि मूळ ओळखपत्र खिशात ठेवाच. पुकारा झाला की न्यायाधीश काकांना समोर बोलावतात आणि थेट विचारतात, तुम्हीच का ते, वाचून सही केलीत का, पैसे मिळायचे ठरलेत का, मिळाले का. इथे काका अडखळले किंवा 'मुलांनी सांगितलं म्हणून आलो' म्हणाले तर न्यायाधीश पुढची तारीख देतात, आणि ते बरोबरच आहे. सगळं ठीक असेल तर आदेश होतो. तडजोडीचा परिणाम कायद्याने निर्दोष सुटकेसारखाच असतो. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

पैशाचं म्हणाल तर रोख देऊन नंतर पुरसिस करू असं नको, आणि पुरसिस झाल्यावर देतो असंही नको. दोन्हीकडून फसलेले लोक पाहिलेत. त्याच तारखेला कोर्टात डिमांड ड्राफ्ट द्या आणि त्याचा नंबर पुरसिसमध्ये लिहा.

राष्ट्रीय लोकअदालतीत पण हेच करता येतं आणि गर्दी असली तरी पटकन होतं, फक्त तिथे तडजोड न होणारा गुन्हा घेताच येत नाही. आपली केस ११८(१) सकट तिथे नेली तर परत पाठवतील.

आणि उलट केस असेल तर? पार्किंगच्या भांडणात बहुतेक वेळा मुलानेही काकांवर एफआयआर दिलेली असते. तेव्हा दोन्ही केसेस एकाच दिवशी संपवा, दोन्ही पुरसिसमध्ये दोन्ही केस नंबर लिहा. एक आज आणि दुसरी 'पुढच्या महिन्यात बघू' असं ठेवलं आणि मधे परत कुरबुर झाली तर ज्याने आधी सोडलं तो लटकतो.

दुसरा रस्ता: प्ली बार्गेनिंग

आता उरलेलं ११८(१). त्याची शिक्षा जास्तीत जास्त ३ वर्षं किंवा २० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. प्ली बार्गेनिंग म्हणजे आरोपीने गुन्हा कबूल करून, भरपाई देऊन कमी शिक्षा घेणं. हा प्रकार आपल्याकडे २००६ पासून आहे, आता तो नागरिक सुरक्षा संहितेत कलम २८९ पासून ३०० पर्यंत आहे. ७ वर्षांपेक्षा जास्त शिक्षेचे गुन्हे यात येत नाहीत, देशाच्या सामाजिक-आर्थिक स्थितीवर परिणाम करणारे म्हणून सरकारने जाहीर केलेले गुन्हे येत नाहीत, आणि बाई किंवा लहान मुलावर झालेला गुन्हा येत नाही. ही शेवटची अट नीट वाचा. त्याच भांडणात काकू मधे पडल्या आणि मुलाने त्यांनाही मारलं असतं तर त्या गुन्ह्यासाठी हा रस्ताच बंद झाला असता. आपल्या उदाहरणात फक्त काकांना लागलंय, म्हणून चालतंय.

मुदत महत्त्वाची आहे. चार्ज फ्रेम झाल्याच्या, म्हणजे कोर्टाने आरोप निश्चित केल्याच्या तारखेपासून ३० दिवसांत आरोपीने अर्ज करायचा. जुन्या कायद्यात अशी मुदत नव्हती त्यामुळे अजूनही लोक साक्षी सुरू झाल्यावर विचारायला येतात. चार्ज फ्रेम झाला त्या दिवशीच मोबाइलमध्ये तारीख टाकून ठेवा.

अर्ज आरोपीच करतो, फिर्यादी नाही. अर्जासोबत प्रतिज्ञापत्र लागतं: मी स्वतःच्या मर्जीने अर्ज करतोय, शिक्षा काय होऊ शकते ते मला समजलंय, आणि याच गुन्ह्यात मला आधी शिक्षा झालेली नाही. मग न्यायाधीश आरोपीला एकट्याला बोलावून विचारतात, समोरची बाजू तिथे नसते. हे मला या प्रक्रियेतलं सगळ्यात चांगलं वाटतं, कारण घरचे, काका, सोसायटीचे चेअरमन कोणाचाही चेहरा समोर नसताना मुलगा एकदा स्वतःच्या तोंडाने सांगतो की हो, मी मारलं, आणि मला हे मान्य करायचंय. तो 'मारलं नाही पण मिटवायचंय' म्हणाला तर प्ली बार्गेनिंग होत नाही, अर्ज बाजूला पडतो आणि केस होती तिथून पुढे चालते.

मर्जी खरी आहे असं वाटलं तर कोर्ट ६० दिवसांपर्यंत वेळ देतं, आणि सरकारी वकील, तपास करणारा पोलीस अधिकारी, आरोपी आणि जखमी माणूस असे बसून ठरवतात. काकांच्या बाबतीत काय ठरेल? समजा टाके, सीटी स्कॅन आणि औषधांची बिलं १४ हजार, सहा दिवस दुकान बंद राहिलं त्याचे १२ हजार, कोर्टात येण्याजाण्याचे आणि वकिलाचे ९ हजार, असे ३५ हजार. बिलं जोडा, नुसता आकडा सांगितला की सरकारी वकील आणि कोर्ट दोघंही प्रश्न विचारतात. जमलं तर त्याचा अहवाल लिहून न्यायाधीश आणि बसलेले सगळे सही करतात. जमलं नाही तर तशी नोंद होते आणि केस अर्ज केला त्या टप्प्यापासून सुरू होते, आणि अर्जात किंवा बोलण्यात जे कबूल केलं ते दुसरीकडे आरोपीविरुद्ध वापरता येत नाही.

शिक्षेचं गणित असं. ११८(१) ला किमान शिक्षा नाही, म्हणून कोर्ट कमाल शिक्षेच्या एक चतुर्थांश देऊ शकतं, आणि आरोपीला आधी कुठल्याच गुन्ह्यात शिक्षा झालेली नसेल तर एक षष्ठांश. ३ वर्षं म्हणजे ३६ महिने, त्याचे एक षष्ठांश ६ महिने. पण त्याआधी कोर्ट दोन्ही बाजूंना शिक्षेवर ऐकतं आणि चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर, म्हणजे प्रोबेशनवर सोडू शकतं. चोवीस वर्षांचा, पहिलाच गुन्हा, भरपाई दिलेली, काका राजी, अशा केसमध्ये वकिलाने सगळा जोर प्रोबेशनवर लावायला हवा.

या निकालावर नेहमीचं अपील नाही. फक्त राज्यघटनेतल्या कलम १३६, २२६ आणि २२७ खाली मोठ्या कोर्टात जाता येतं. म्हणजे नंतर मन बदललं तर जवळजवळ दरवाजा बंद.

आणि आता ते मघाचं वाक्य. तडजोडीत सुटका होते, प्ली बार्गेनिंगमध्ये दोषसिद्धी होते. प्रोबेशन मिळालं तरी कागदावर दोषी ठरल्याची नोंद असते. प्रोबेशन कायद्याच्या कलम १२ मुळे त्या दोषसिद्धीची कायदेशीर अपात्रता लागत नाही हे खरं, पण हिंजवडीतल्या कंपनीच्या फॉर्मवर 'कधी दोषी ठरलात का' असा रकाना असेल तर खोटं लिहायचं नाही, हो लिहावं लागतं. म्हणून मुलाच्या आईवडिलांना मी हे दोनदा सांगते, आणि दुसऱ्यांदा मुलगा समोर असताना.

तिसरा रस्ता: हायकोर्टातून रद्द करणं

जिथे तडजोड चालत नाही पण दोन्ही बाजू राजी आहेत तिथे हायकोर्ट नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली एफआयआर आणि केस रद्द करू शकतं, जुन्या कायद्यात हे ४८२ होतं. सुप्रीम कोर्टाने २०१२ मध्ये ग्यानसिंग केसमध्ये सांगितलं की तडजोड न होणाऱ्या गुन्ह्यातही हायकोर्टाला हा अधिकार आहे, पण खून, बलात्कार, दरोडा अशा समाजाविरुद्धच्या गंभीर गुन्ह्यांत नाही. खाजगी स्वरूपाचं भांडण, जखम साधी, शेजारी परत एकत्र राहतायत, हे सगळं आपल्या केसमध्ये बसतं. नवराबायकोच्या ८५ च्या, म्हणजे सासरच्या छळाच्या केसेसही घटस्फोटाच्या समजुतीनंतर याच रस्त्याने संपतात.

पुण्यातल्या लोकांनी लक्षात ठेवा, कोल्हापूरला २०२५ मध्ये सर्किट बेंच सुरू झालं तरी पुणे त्यात नाही, आपल्याला मुंबईलाच जावं लागतं. काकांचं संमतीचं प्रतिज्ञापत्र लागतं, आणि ओळख पटवायला त्यांना हजर राहावं लागू शकतं. आरोपीला कधी काही रक्कम खर्चापोटी भरायलाही सांगतात. खर्च आणि फेऱ्या जास्त, पण निकाल लागला तर मुलावर दोषसिद्धी नाही आणि चारही कलमं एकदम जातात.

म्हणून या मुलाला माझा सल्ला हायकोर्टाचाच असेल, कारण त्याची सगळी नोकरी पुढे पडलीये आणि काका मुंबईला यायला तयार आहेत. पण आरोपी साठीचा रिक्षावाला असता, पुरावा पक्का, मुंबईचा वकील परवडत नाही, नोकरीच्या फॉर्मचा प्रश्न नाही, तर मी त्याला प्ली बार्गेनिंग आणि प्रोबेशन सुचवलं असतं. वकिलाचीच अडचण असेल तर शिवाजीनगर कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीतले आरोपी अशा काही ठरावीक लोकांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे.

हायकोर्टात अर्ज केला तरी इथल्या तारखा चालूच असतात. केस वर गेलीये म्हणून इथे आलो नाही असं म्हटलं तर वॉरंट निघतं. हायकोर्टाची स्थगिती हातात असेल तरच वेगळं, नाहीतर दर तारखेला हजर राहा किंवा वकिलातर्फे गैरहजेरी माफीचा अर्ज द्या. रद्द झाल्याच्या आदेशाची सही-शिक्क्याची प्रत आणून इथल्या कोर्टात दाखल करा, रोजनाम्यावर, म्हणजे कोर्टाच्या तारखेतारखेच्या नोंदीत, केस निकाली काढल्याचं लिहिलेलं स्वतः बघा, आणि त्याची एक नक्कल पोलीस स्टेशनला पोच घेऊन द्या. तीन वर्षांनी पासपोर्टच्या वेळी हवालदार घरी येतो तेव्हा त्याच्या रजिस्टरला एफआयआर दिसत असते आणि ती संपल्याचं दाखवायला तीच नक्कल लागते.